“मॅडम, रक्त वाढतच नाही” : एका वाक्यातून थिसिसचा आराखडा कसा उभा राहतो

एमडीच्या पहिल्या वर्षातली एक विद्यार्थिनी दुपारची ओपीडी संपल्यावर माझ्यासमोर येऊन बसते. तिला आपण वैशाली म्हणू. सिनॉप्सिस द्यायची तारीख जवळ आली आहे आणि हातात फक्त एक चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर लिहिलंय : “गरोदर बायकांना रक्ताच्या गोळ्या देतो, पण त्या घेतच नाहीत. नीट समजावलं तर रक्त वाढेल. यावर करू का?”

ही वैशाली एकटी नाही. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना मिळून मी ती घडवली आहे, आणि पुढचे ओपीडीचे आकडेही उदाहरणापुरते धरलेले आहेत. पद्धत मात्र खरी आहे. चिठ्ठीतल्या तीन वाक्यांपासून एथिक्स कमिटीसमोर ठेवता येईल अशा आराखड्यापर्यंत कसं जायचं, ते या एकाच विषयावर शेवटपर्यंत करून पाहू.

चिठ्ठी चांगली आहे, कारण ती ओपीडीतून आली आहे. पण तिच्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. किती बायका गोळ्या घेत नाहीत, हा पहिला. का घेत नाहीत, हा दुसरा. समजावल्याने फरक पडतो का, हा तिसरा. पहिल्यासाठी एकदाच केलेली पाहणी पुरते. दुसऱ्यासाठी बायकांशी निवांत बसून बोलावं लागतं, तिथे आकडेमोड फारशी कामाची नाही. तिसऱ्यासाठी दोन गट लागतात आणि एका गटाला दुसऱ्यापेक्षा काहीतरी जास्त द्यावं लागतं. हे तिन्ही एका थिसिसमध्ये कोंबले की एकही धड होत नाही. शीर्षकात ‘परिणाम’ हा शब्द आणि आत मात्र एकदाच भरून घेतलेली प्रश्नावली, अशा सिनॉप्सिस मी इतक्या पाहिल्या आहेत की शीर्षक वाचूनच मी आधी पद्धतीचं पान उघडते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं हाताशी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया ॲनिमिक आढळल्या. १८० दिवस किंवा त्याहून जास्त लोहाच्या गोळ्या घेतल्याचं सांगणाऱ्या आया होत्या २६ टक्के. वैशालीने पुन्हा शंभर बायका मोजून नवं काही कळणार नाही. तिसरा प्रश्न तिच्या हातातला आहे, आणि चिठ्ठी पुन्हा वाचली तर तिला तोच विचारायचा आहे. म्हणून तो घ्यायचा आणि बाकीचे दोन सोडायचे. सोडताना विद्यार्थ्यांना वाईट वाटतं, पण सिनॉप्सिसचं खरं काम इथेच होतं.

‘समजावणं’ म्हणजे काय, ‘वाढणं’ म्हणजे किती

आता चिठ्ठीतला एकेक शब्द धरून विचारायचं. कोणत्या बायका? समजावणार कोण, कधी, किती वेळा? रक्त वाढलं असं केव्हा म्हणायचं?

सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करावी, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. वैशाली म्हणते, “आठ आठवड्यांनी हिमोग्लोबिन बघू.” ऐकायला ठीक वाटतं. पण ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे ॲनिमिक गरोदर स्त्रीला रोज दोन गोळ्या द्यायच्या असतात, प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम लोह. महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा बघायचं. ते १ ग्रॅमनेही वाढलं नसेल तर तिला पुढच्या रुग्णालयात पाठवायचं, तिथे शिरेतून लोह द्यायचं का ते ठरतं. म्हणजे आठव्या आठवड्यापर्यंत थांबलो, तर ज्यांचं रक्त वाढलं नाही त्यांना मध्येच वेगळा उपचार मिळालेला असेल. त्यांचं हिमोग्लोबिन त्या उपचाराने चढेल आणि दोन गटांतला फरक पुसला जाईल. अभ्यासासाठी त्यांना थांबवून ठेवणं तर अजिबात चालणार नाही.

मग कार्यक्रम जो निर्णय चौथ्या आठवड्यात घेतो, तोच आपला निष्कर्षाचा मापदंड करू : चार आठवड्यांत हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमने वाढलं का, हो किंवा नाही. याचा एक तोटा आहे. ‘सरासरी किती वाढलं’ असं विचारलं असतं तर कमी बायकांत काम झालं असतं, कारण हो-नाहीमध्ये बरीच माहिती गळून जाते. तरी मी हो-नाही निवडेन. ओपीडीतल्या डॉक्टरचा निर्णय याच रेषेवर होतो आणि उत्तर त्याला सरळ वापरता येतं. सरासरी वाढ दुय्यम निष्कर्ष म्हणून मोजू.

विद्यार्थी इथे हमखास विचारतात की गोळ्याच का मोजू नयेत. मोजाव्यात, पण दुय्यम म्हणून. रिकामी पाकिटं आणायला सांगितली की बाई पाकिटं आणते. गोळ्या पोटात गेल्या की मोरीत, हे पाकीट सांगत नाही.

आता बायका कोणत्या? हिमोग्लोबिन ७ ते ९.९ असलेल्या, म्हणजे मध्यम ॲनिमियाच्या. सातच्या खाली असेल तर तो तातडीचा मामला, तिला अभ्यासात घेत बसायचं नाही. १० ते १०.९ या सौम्य गटात वेगळी अडचण आहे. गरोदरपणात रक्तातला द्रवभाग लाल पेशींपेक्षा जास्त वाढतो, त्यामुळे रक्त पातळ होतं आणि निरोगी बाईचं हिमोग्लोबिनही थोडं खाली येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दुसऱ्या तिमाहीसाठी ॲनिमियाची रेषा ११ वरून १०.५ वर आणली ती याच कारणाने. काठावरच्या बायका घेतल्या तर खरा ॲनिमिया आणि नैसर्गिक पातळपणा यांची सरमिसळ होईल.

गर्भारपणाचे आठवडे १४ ते २४. खालची मर्यादा अशासाठी की लोहाच्या गोळ्या पहिल्या तिमाहीनंतर सुरू होतात. वरची मर्यादा वैशालीने आधी ३२ लिहिली होती. मी तिला विचारलं, “तुझ्या बहिणीचं डोहाळजेवण कितव्या महिन्यात झालं?” सातव्या. “आणि मग ती कुठे गेली?” माहेरी. आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते आणि तिचा पुढचा तपास दुसऱ्याच तालुक्यात होतो. २४ व्या आठवड्याला घेतलेली बाई २८ व्या आठवड्याला अजून सासरी असते, आपल्या ओपीडीत परत येते. हे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही, पण अभ्यास टिकतो की ढासळतो ते अशा गोष्टींवर ठरतं.

सिकलसेल आजार किंवा थॅलेसेमिया असल्याचं माहीत असलेल्या स्त्रिया वगळायच्या, कारण त्यांचं हिमोग्लोबिन कमी असण्याचं कारण निराळं आहे. विदर्भात किंवा नंदुरबार-पालघरच्या पट्ट्यात काम असेल तर ‘माहीत असलेल्या’वर थांबू नये, सिकलसेलची चाचणी नोंदणीच्या वेळीच झालेली असावी.

राहिलं समजावणं. ‘समुपदेशन करण्यात येईल’ एवढं लिहिलेला आराखडा मी परत देते, कारण उद्या दुसऱ्या कुणाला तेच करून बघायचं झालं तर नेमकं करणार काय? वैशालीचं ठरलं ते असं : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी एकेक फोन, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचा. प्रत्येक फोनमध्ये तेच प्रश्न. काल गोळ्या घेतल्या का? कधी? सोबत चहा होता का? कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घेता का? (दोन्हींत दोनेक तासांचं अंतर हवं, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. चहाचंही तसंच.) मळमळ होते का? मग जेवणानंतर घेऊन बघा. संडास काळी झाली म्हणून घाबरून बंद केल्या का? हा शेवटचा प्रश्न वैशालीच्या यादीत नव्हता. तो ओपीडीतल्या सिस्टरनी घातला.

एवढं झाल्यावर उद्देश एका वाक्यात उतरतो : १४ ते २४ आठवड्यांच्या, मध्यम ॲनिमिया असलेल्या गरोदर स्त्रियांना नेहमीच्या उपचाराबरोबर ठरावीक चार फोन केल्यास, फोन न केलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, चार आठवड्यांत हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमने वाढणाऱ्यांचं प्रमाण अधिक असतं का, हे पाहणे. मुख्य उद्दिष्ट एवढंच. दुय्यम दोन : दोन्ही गटांतली हिमोग्लोबिनची सरासरी वाढ आणि उरलेल्या गोळ्यांची मोजणी. सात उद्दिष्टं लिहिणाऱ्याला मी एकच विचारते, यातल्या कशासाठी तू नमुना मोजलास? उत्तर एकाच उद्दिष्टाचं येतं.

दुसरा गट कशाला

वैशालीचा पहिला विचार सोपा होता. शंभर बायका घ्यायच्या, आधी हिमोग्लोबिन बघायचं, फोन करायचे, नंतर पुन्हा बघायचं. वाढलं तर फोन लागू पडले.

यात दोन गोष्टी घोटाळा करतात आणि त्या उलट्या दिशेने ओढतात. रक्त पातळ होणं याच आठवड्यांत चालू असतं, म्हणून फोनचा खरा फायदा झाला तरी आकडा कमी वाढलेला दिसेल. दुसरीकडे, आपण मुद्दाम कमी आकड्याच्या बायका निवडल्या आहेत. काहींचा आकडा त्या दिवशी केवळ मोजमापाच्या चढउताराने खाली आलेला असतो. पुन्हा मोजलं की तो काहीही न करता वर सरकतो. शिवाय गोळ्या तर सगळ्याच घेत आहेत. वाढीतला किती वाटा गोळ्यांचा, किती फोनचा आणि किती योगायोगाचा, हे एका गटावरून कधीच वेगळं करता येणार नाही. दोन गट असले की हे सगळं दोन्हीकडे सारखंच लागू होतं आणि उरलेला फरक फोनचा.

पण दोन्ही गट सुरुवातीला खरंच सारखे हवेत. ‘एक सोडून एक’ अशी वाटणी करू, असं जवळजवळ प्रत्येक जण सुचवतो. ती नको. पुढची बाई कोणत्या गटात जाणार हे आधीच माहीत असलं की माणूस नकळत निवड करतो : ही हुशार दिसते, हिला फोनच्या गटात येऊ दे, हिला पुढच्या वारी बोलावू. म्हणून संगणकाने काढलेली यादी, चार आणि सहाच्या गठ्ठ्यांत मिसळलेली, म्हणजे दोन्ही गट साधारण सारखे भरत जातात आणि पुढचं नाव ओळखता येत नाही. ही यादी विभागातल्या दुसऱ्या कुणीतरी बनवून क्रमांक घातलेल्या बंद पाकिटांत भरायची. पाकीट ट्यूबलाइटसमोर धरून बघा, आतली चिठ्ठी वाचता आली तर ते पाकीट चालणार नाही. आत ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा घातला की काम होतं. संमती घेतली, पहिलं हिमोग्लोबिन नोंदवलं, बाईचा क्रमांक पाकिटावर लिहिला, मगच पाकीट फोडायचं.

समजावणं फोनवर नेण्याचं एक कारण इथे आहे. ओपीडीत समोरासमोर समजावलं असतं तर बाकावर शेजारी बसलेल्या दुसऱ्या गटातल्या बाईने ते ऐकलं असतं, आणि दोन गटांतला भेदच राहिला नसता. फोनवर ही गळती कमी होते. एकाच वस्तीतल्या जावा-जावा वेगळ्या गटांत गेल्या तर थोडी राहील, तेवढं मर्यादांत प्रामाणिकपणे लिहायचं.

मोजमापाबद्दल एकच आग्रह : दोन्ही वेळचं हिमोग्लोबिन त्याच प्रयोगशाळेत, त्याच यंत्रावर. पहिलं गावातल्या उपकेंद्रात साहलीच्या नळीत रंग जुळवून बघितलेलं आणि दुसरं कॉलेजच्या सेल काउंटरवर, असं झालं तर १ ग्रॅमचा फरक निव्वळ पद्धतीमुळेही येऊ शकतो. यंत्रावरच्या तंत्रज्ञाला बाई कोणत्या गटातली हे कळता कामा नये. बाईला ते कळणारच, तिला फोन येतात. तिच्यापासून लपवता येत नाही, म्हणूनच मुख्य निष्कर्ष तिच्या सांगण्यावर नव्हे तर यंत्राच्या आकड्यावर ठेवला.

किती बायका?

या प्रश्नाला मला सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर आहे ३८४. ते येतं एका वेगळ्या सूत्रातून. एखाद्या गोष्टीचं प्रमाण ५० टक्के धरलं आणि ते ५ टक्के इकडेतिकडे चालेल म्हटलं, की ३८४.१६ निघतात. एका गटातलं प्रमाण मोजायचं असेल तर ते ठीक. आपल्याला दोन गटांतला फरक ओळखायचा आहे, त्याचं सूत्र हे :

```
n = (1.96 + 0.84)^2 × [p1(1-p1) + p2(1-p2)] / (p1 - p2)^2
```

घाबरायला नको, यात चारच गोष्टी आहेत. १.९६ हा आकडा म्हणजे, फोनचा काही उपयोग नसताना केवळ योगायोगाने फरक दिसण्याचा धोका आपण शंभरात पाचवर ठेवला. ०.८४ म्हणजे, खरा फरक असला तर तो पकडण्याची शक्यता आपण शंभरात ऐंशी ठेवली. दोन्ही मिळवून वर्ग केला की ७.८४. हे बहुतेक सगळे अभ्यास असंच धरतात. खरा विचार उरलेल्या दोन आकड्यांत आहे.

p1 म्हणजे फोन न करता किती जणींचं हिमोग्लोबिन १ ग्रॅमने वाढतं. हा परदेशातल्या एखाद्या लेखातून उचलू नये. आपल्याच ओपीडीच्या रजिस्टरमधून मागच्या तीन महिन्यांतल्या, याच निकषांत बसणाऱ्या बायकांच्या नोंदी काढाव्यात. (जुन्या नोंदी पाहायच्या असल्या तरी विभागप्रमुख आणि कमिटीला विचारूनच.) समजा ६० नोंदी मिळाल्या आणि त्यांतल्या निम्म्यांचं वाढलेलं दिसलं. मग p1 झाला ०.५०. साठच नोंदी आहेत, त्यामुळे खरा आकडा चाळिशीच्या आत किंवा साठच्या वरही असू शकतो, हे लक्षात ठेवायचं.

p2 मात्र शोधायचा नसतो, ठरवायचा असतो. निदान किती फरक पडला तर हे फोन सुरू ठेवण्यासारखे आहेत? वैशाली आणि सिस्टर यांनी बसून असा हिशोब केला : एका बाईला चार फोन म्हणजे वीस मिनिटं. प्रमाण ५० वरून ७० टक्क्यांवर गेलं तर पाच बायकांमागे एक जास्तीची बाई सुधारते, म्हणजे तिच्यामागे शंभर मिनिटं. ६० वरच गेलं तर दहा बायकांमागे एक, म्हणजे दोनशे मिनिटं. सिस्टर म्हणाल्या, शंभर मिनिटं मी काढीन, दोनशे जमायची नाहीत. म्हणून p2 ठरला ०.७०.

आता आकडे घालू. ०.५०×०.५० म्हणजे ०.२५, ०.७०×०.३० म्हणजे ०.२१, बेरीज ०.४६. तिला ७.८४ ने गुणलं की ३.६०६४. फरक ०.२०, त्याचा वर्ग ०.०४. भागाकार ९०.१६, वर नेऊन ९१. प्रत्येक गटात ९१ बायका.

फरक लहान धरला तर काय होतं ते करून बघण्यासारखं आहे. ७० ऐवजी ६५ टक्के धरले तर गटात १६७ लागतात. ६० धरले तर ३८५. (शेवटचा आकडा वरच्या ३८४ च्या शेजारी येतो तो योगायोग, अर्थ अगदी वेगळा, आणि इथे तो एका गटाचा आहे.) बारीक फरक पकडायला फार माणसं लागतात ती अशी. उलट ८० टक्के धरले तर गटात ३६ बायकांत काम भागतं, आणि नेमका हाच मोह होतो. वेळ कमी आहे, म्हणून आधी बायकांची संख्या ठरवायची आणि मग तिला जुळेल असा p2 शोधायचा. परीक्षक दोन मिनिटांत ओळखतो, कारण चार फोनांनी ५० चे ८० टक्के होतील असं का वाटलं, याचं उत्तर विद्यार्थ्याकडे नसतं. आणि तो ओळखो न ओळखो, खरा फरक वीस टक्क्यांचा असला तर गटात ३६च बायका असलेला अभ्यास तो बहुधा चुकवेल आणि कामाची गोष्ट निरुपयोगी म्हणून नोंदली जाईल.

काही बायका परत येणार नाहीत. १५ टक्के गळती धरू. इथे एक छोटी चूक सगळीकडे दिसते : ९१ मध्ये १५ टक्के मिळवून १०५ लिहितात. पण १०५ मधून १५ टक्के गेल्या की उरतात ८९, म्हणजे कमीच. मिळवायचं नाही, भागायचं. ९१ ला ०.८५ ने भागलं की १०७.०६, म्हणजे १०८. दोन गट मिळून २१६.

आता हा आकडा ओपीडीवर ठेवून बघायचा. आठवड्याला निकषात बसणाऱ्या आठ बायका येतात आणि सहा संमती देतात असं धरलं, तर २१६ ला ३६ आठवडे. वर्षाच्या आत जमतं. तीनच मिळाल्या तर ७२ आठवडे, आणि मग एमडीच्या तीन वर्षांत लिखाणाला वेळ उरत नाही. तेव्हा दुसरं रुग्णालय जोडावं किंवा सरासरी वाढ हा मुख्य निष्कर्ष करून पुन्हा मोजावं. p2 फुगवणं हा त्यावरचा मार्ग नव्हे.

याच टप्प्यावर मी मुख्य निष्कर्षाचा रिकामा तक्ता काढायला लावते. दोन ओळी, फोन आणि नेहमीचा उपचार. दोन स्तंभ, १ ग्रॅम वाढलं आणि वाढलं नाही. वैशालीने फोनच्या ओळीत फक्त फोन उचललेल्या बायका लिहिल्या होत्या. तसं करायचं नाही. जी बाई फोन उचलते ती बहुधा गोळ्याही घेणारी असते, तिला फोन केला नसता तरी. पाकिटाने जिला ज्या गटात टाकलं, तिला त्याच गटात मोजायचं, फोन लागला असो वा नसो. परत न आलेल्यांचं काय करणार तेही आत्ताच लिहून ठेवायचं, निकाल बघितल्यावर नाही. विश्लेषणाला काय-वर्ग चाचणी पुरेल, पण नुसता पी न देता दोन प्रमाणांतला फरक आणि त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा द्यायची.

एथिक्सचं पान

बहुतेक सिनॉप्सिसमध्ये इथे एकच वाक्य असतं : ‘संस्थात्मक नीतिमत्ता समितीची परवानगी घेण्यात येईल.’ परवानगी लागतेच, तिचा आधार आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं. पण कमिटीला जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच : या अभ्यासात बाईला नेमका कुठे त्रास होऊ शकतो आणि तुम्ही काय करणार?

वैशाली म्हणाली, “यात त्रास कसला मॅडम, नुसते फोन तर आहेत.” मग आम्ही तो फोन कुणाच्या हातात असेल याचा विचार केला. बऱ्याच घरी फोन नवऱ्याचा असतो, कधी सासूबाई उचलतात. फोनवर बोलणारी डॉक्टर सहज म्हणून गेली की “तुमच्या मागच्या वेळच्या गर्भपातानंतर…”, तर घरात माहीत नसलेली गोष्ट बाहेर पडते. म्हणून आराखड्यात असं लिहिलं : संमतीच्या वेळीच विचारायचं, फोन कुणाचा, कोणत्या वेळी केलेला चालेल, दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं. दुसऱ्या कुणी उचलल्यास फक्त “दवाखान्यातून तपासणीची आठवण करून द्यायला फोन केला होता” एवढंच. हिमोग्लोबिनही सांगायचं नाही. ज्यांच्या घरी फोनच नाही त्या अभ्यासाबाहेर राहतात, आणि कदाचित त्यांनाच याची सर्वांत जास्त गरज असते. अभ्यासाचं उत्तर त्यांना लागू होणार नाही, हे स्पष्ट लिहिलं.

फोन न मिळणाऱ्या गटाचं काय? त्यांना गोळ्या, जंतनाशक, ओपीडीतला नेहमीचा सल्ला, महिन्याची तपासणी सगळं मिळतं, काहीही काढून घेतलेलं नाही. चार आठवड्यांनंतर त्यांनाही तीच माहिती द्यायची. मधल्या काळात कुणाला धाप लागली, पायांवर सूज आली किंवा हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं, तर गट न बघता लगेच उपचार. रक्त महिन्याला तपासायचंच असतं, त्यामुळे जास्तीची सुई नाही. अभ्यासासाठी म्हणून वेगळी तपासणी केली असती तर तिचा खर्च बाईवर टाकता आला नसता.

संमती कोण घेतं हेही महत्त्वाचं आहे. वैशालीच तिला तपासते. समोर तपासणारी डॉक्टर बसली असताना “नको” म्हणायला फार थोड्या बायकांची जीभ वळते. म्हणून संमती विभागातली दुसरी व्यक्ती घेईल, आणि नाही म्हटलं तरी गोळ्या आणि तपासणी तशीच चालू राहील हे पहिल्याच परिच्छेदात मोठ्या अक्षरात. सही तिची स्वतःची. सोबत आलेल्या नवऱ्याची किंवा सासूची सही तिच्या संमतीची जागा घेत नाही. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा.

संमतिपत्रकाचं मराठी हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. वैशालीच्या पहिल्या मसुद्यात होतं : ‘सदर संशोधनात आपणास यादृच्छिक पद्धतीने गटात विभागण्यात येईल.’ तिला म्हटलं, हे बाहेर बाकावरच्या एका बाईला वाचून दाखव आणि तिला काय कळलं ते विचारून ये. ती परत आली आणि नवं वाक्य लिहिलं : ‘तुम्हाला फोन येणार की नाही, हे चिठ्ठी टाकून ठरेल. डॉक्टर किंवा तुम्ही ते निवडू शकणार नाही.’

वयाची अट १८ पूर्ण. त्याखालची गरोदर मुलगी ओपीडीत आली तर ती अभ्यासात येत नाही, पण पॉक्सो कायद्याखाली कळवण्याची जबाबदारी डॉक्टरवर तशीच राहते. अभ्यासाच्या गोपनीयतेने ती टळत नाही, हे फोन करणाऱ्या प्रत्येकाला आधी माहीत हवं.

कमिटीचं पत्र हातात आल्यावर लगेच नोंदणी सुरू करायची नाही. हा दोन गटांचा, चिठ्ठीने वाटणी केलेला अभ्यास आहे, म्हणजे क्लिनिकल ट्रायल, औषध नवं नसलं तरी. तो सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीत, नोंदवावा लागतो, आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिली व्यक्ती अभ्यासात येण्याआधीच नोंदणी होते, नंतर घेत नाहीत. तिथून शंका परत येतात, त्यांना उत्तरं द्यावी लागतात, आठवडे जातात. वैशालीने ते आठवडे वेळापत्रकात धरले आहेत. मधल्या वेळात तिने पाच बायकांना फोनची यादी वाचून दाखवली, त्यांना काय खटकतं ते विचारायला. त्यांपैकी तिघींनी सांगितलं की सकाळी अकराच्या आधी फोन करू नका, तेव्हा शेतात असतो. आराखड्यात फोनची वेळ सकाळी दहाची होती. ती बदलून संध्याकाळची केली, बदल कमिटीला कळवला आणि मग पहिलं पाकीट फोडलं.